प्रकरण अभ्यास : टीटीसीतल्या एका बोल्ट कारखान्याचा सीबॅम हिशेब

घटकाची ओळख पटू नये म्हणून या लेखात नावे काढली आहेत आणि टनाचे व किमतीचे आकडे थोडे बदलून, पूर्णांकात दिले आहेत. आकड्यांमधले परस्परांचे प्रमाण मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. नियमांचे तपशील त्या त्या काळात लागू असलेले आहेत.

पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात हा कारखाना आहे. उच्च ताकदीचे बोल्ट, स्टड आणि नट हे त्याचे उत्पादन. दोन भाऊ तो चालवतात. वर्षाला सुमारे १,१०० टन माल तयार होतो. त्यातला ३१० टन, म्हणजे २८ टक्के, न्हावा शेवा बंदरातून युरोपात जातो. जर्मनीतला ग्राहक सर्वांत मोठा आहे, इटलीतला सर्वांत लहान आणि पोलंडमधला मधला. उरलेला माल पुणे, चाकण आणि गुजरातमधल्या यंत्रनिर्मात्यांकडे जातो.

कामाचा क्रम असा. पोलादाचे बार कापायचे, तापवायचे, डोके घडवायचे, मशीनवर आटे पाडायचे, मग हार्डनिंग आणि टेंपरिंग. झिंक प्लेटिंग रबाळ्यातल्या जॉबवर्कवाल्याकडून होते. तापवण्यासाठी दोन इंडक्शन हीटर आणि पीएनजीवर चालणारी एक जुनी स्लॉट भट्टी होती. हार्डनिंगची भट्टीही पीएनजीवरच चालते.

बार तीन वाटांनी येत. साधे कार्बन पोलाद एका एकात्मिक पोलाद कारखान्याचे असे, म्हणजे लोहखनिज आणि कोकवर ब्लास्ट फर्नेस चालवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे. त्यातले निम्मे अधिकृत वितरकाकडून येई आणि निम्मे कळंबोलीच्या पोलाद बाजारातून, भाव पाहून त्या त्या वेळी उचलले जाई. मिश्रधातूचे बार विद्युत भट्टी असलेल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याकडून थेट घेतले जात.

युरोपीय संघाने १७ मे २०२३ पासून लागू केलेल्या नियमाला सीबॅम म्हणतात. तिथल्या कारखान्यांना सोडलेल्या कार्बनची किंमत मोजावी लागते. बाहेरून येणाऱ्या मालाला ती लागली नाही, तर उत्पादन किंमत नसलेल्या देशांत सरकते, उत्सर्जन तेवढेच राहते आणि स्थानिक उद्योग बंद पडतो. ही गळती थांबवण्यासाठी सीमेवर आयात मालाच्या अंतर्भूत उत्सर्जनावर, म्हणजे तो माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर, तेवढीच किंमत लावायची, हा नियमाचा गाभा. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागू आहे. पोलादाच्या यादीत सीमाशुल्क शीर्षक ७३१८ आहे, म्हणजे स्क्रू, बोल्ट, नट, रिव्हेट आणि वॉशर. एवढ्या लहान, पुढच्या टप्प्यावरच्या वस्तू यादीत असतील असे अनेक लघुउद्योजकांना वाटलेच नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा संक्रमणकाळ फक्त माहिती देण्याचा होता. पैसे लागू होतात २०२६ मध्ये आयात झालेल्या मालापासून.

अडचण

पहिले तीन तिमाही अहवाल जर्मन ग्राहकाने युरोपीय आयोगाने दिलेल्या तयार मूल्यांवर भरले. कारखान्याला त्याने काही विचारले नाही. तशी मुभा जुलै २०२४ अखेरपर्यंतच्या अहवालांनाच होती. त्यानंतर बोल्टसारख्या, आधीच्या पोलादाचे उत्सर्जन अंगावर घेऊन येणाऱ्या वस्तूंसाठी एकूण अंतर्भूत उत्सर्जनाच्या जास्तीत जास्त २० टक्के भाग अंदाजी चालणार होता. ऑगस्टमध्ये ग्राहकाचा ईमेल आला. आयोगाचा एक्सेल नमुना सोबत होता आणि तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरून हवा होता. संक्रमणकाळात माहिती न दिलेल्या उत्सर्जनाच्या टनामागे १० ते ५० युरो दंड आयातदाराला होत असे, त्यामुळे पत्राचा सूर कडक होता.

घरात सगळ्यांचा पहिला समज असा होता की हा भट्टीचा आणि वीजबिलाचा प्रश्न आहे. लेखापालांनी गॅस आणि विजेची बिले काढली, वीजवापराला ग्रीडच्या दर युनिटमागच्या उत्सर्जनाचा घटक लावला आणि एका आठवड्यात तक्ता भरून दाखवला. त्यात `E_PurchPrec` ही शीट कोरी होती. विकत घेतलेल्या पोलादाचे उत्सर्जन तिथे भरायचे असते, आणि बोल्टच्या बाबतीत हिशेबाचा नव्वद टक्के भाग तिथेच असतो.

हिशेब कसा बनतो

एक टन बोल्टमागचे उत्सर्जन दोन भागांत येते. पहिला भाग कारखान्याने स्वतः जाळलेल्या इंधनाचा. दुसरा भाग वापरलेल्या बारचा : एक टन चांगल्या बोल्टसाठी किती टन बार लागले, गुणिले त्या बारच्या टनामागचे उत्सर्जन.

पहिल्या भागात एक चूक सर्रास होते आणि इथेही ती होता होता राहिली. वर्षाचा गॅस १,४३,००० घनमीटर होता. गॅस कंपनीच्या बिलावरचे उष्मांक मूल्य ढोबळ असते, म्हणजे जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णता त्यात धरलेली असते. नैसर्गिक वायूचा ५६.१ टन प्रति टेराज्यूल हा उत्सर्जन घटक मात्र निव्वळ उष्मांकावर बेतलेला आहे. वायूच्या बाबतीत निव्वळ मूल्य ढोबळ मूल्याच्या सुमारे ९० टक्के असते. बिलावरचा आकडा तसाच घेतला असता तर ३१२ टन आले असते. घनमीटरला ३५ मेगाज्यूल निव्वळ धरून ते २८१ टन आले, म्हणजे बोल्टच्या टनामागे ०.२६ टनाच्या आत. भट्टी बंद असताना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ७० टन माल हार्डनिंगला गेला होता. तिथल्या भट्टीचा गॅसही मिळवायचा असतो. तो टनामागे ०.०१ इतकाच भरला, पण त्याचे चलान आणि वापराची नोंद फायलीत ठेवावी लागली.

वीज वेगळ्या रकान्यात जाते. संक्रमणकाळात ती कळवायची होती. पण पोलादासाठी पैसे फक्त थेट उत्सर्जनावर लागतात, विजेमागच्या उत्सर्जनावर नाही. ही गोष्ट पुढे एका निर्णयात महत्त्वाची ठरली.

दुसरा भाग मोठा. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात १,३४२ टन बार लागले आणि १,१०० टन बोल्ट तयार झाले, म्हणजे टनाला १.२२ टन. उरलेले २४२ टन बारची टोके, फ्लॅश, आट्यांचा बुरादा, भट्टीतली पपडी आणि नापास माल यांत गेले. या भंगाराला विकताना किंमत मिळते, पण सीबॅमच्या पद्धतीत भंगाराचे अंतर्भूत उत्सर्जन शून्य धरतात. त्यामुळे कापून फेकलेल्या पोलादाचे सगळे उत्सर्जन चांगल्या बोल्टच्याच खात्यावर बसते.

मोठ्या पोलाद कारखान्याने वितरकामार्फत दिलेला आकडा बारच्या टनामागे २.६ टन होता. त्यांचा स्वतःचा माल युरोपात जात असल्याने तो त्यांच्याकडे तयार होता. विद्युत भट्टीवाल्यांच्या विक्री विभागाने फोनवर ०.३४ सांगितले. त्यावर पहिला मसुदा निघाला : टनामागे २.३२.

पहिला निर्णय : ०.३४ मानायचे की नाही

हा आकडा कागदावर अशक्य नव्हता. निव्वळ भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीचे थेट उत्सर्जन तेवढे कमी असू शकते, कारण ऊर्जा मुख्यतः विजेतून येते. कारखान्याच्या सल्लागाराने मात्र पुढचा प्रश्न विचारला : चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत वितळवायला टाकलेल्या मालात, स्पंज आयर्न किती टक्के आहे? भारतातल्या बऱ्याच विद्युत आणि इंडक्शन भट्ट्या भंगारासोबत कोळशावर बनलेले स्पंज आयर्न टाकतात. ते बनवताना कोळसा जळालेलाच असतो आणि नियमानुसार तेही अंतर्भूत उत्सर्जनात धरायचे असते. फेरोक्रोम आणि फेरोमँगनीजचेही तसेच.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. चार्जमध्ये जवळजवळ निम्मे स्पंज आयर्न होते आणि ते बाहेरून विकत घेतलेले होते. ते धरल्यावर बारचा आकडा १.३८ झाला. बोल्टचा आकडा २.३२ वरून २.८३ वर गेला.

मालकांपैकी धाकट्या भावाचे म्हणणे होते की पुरवठादाराने लेखी ०.३४ दिले तर तो त्याचा प्रश्न, आपण तेच पुढे पाठवू. थोरल्या भावाने ते नाकारले. कारण व्यावहारिक होते. २०२६ पासून प्रत्यक्ष आकड्यांची पडताळणी मान्यताप्राप्त पडताळणीदाराकडून होणार आणि पहिल्या वर्षी तो कारखान्यात येऊन पाहणार. तेव्हा बारचा आकडा एकदम चौपट झाला तर ग्राहक आधीच्या सगळ्या अहवालांवर संशय घेईल, आणि ते अहवाल त्याच्या नावावर भरलेले असतील. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय हाच होता. विद्युत भट्टी असे ऐकले की कमी कार्बन असे समजणे ही आपल्याकडे फार पसरलेली समजूत आहे. पुरवठादाराला विचारायची पहिली गोष्ट भट्टीचा प्रकार ही नसून चार्जमध्ये काय पडते ही आहे.

दुसरा निर्णय : कळंबोलीचे ४१० टन

कळंबोलीतून उचललेल्या ४१० टन बारचा मूळ कारखाना कागदोपत्री सिद्ध होत नव्हता. व्यापाऱ्याच्या बिलावर फक्त ग्रेड, व्यास आणि वजन असे. मिल टेस्ट सर्टिफिकेट, ज्याला सगळे टीसी म्हणतात, त्याची झेरॉक्स कधी सोबत येई, कधी मागून व्हॉट्सअ‍ॅपवर. एकूण ३,११५ टन उत्सर्जनापैकी या बारचा वाटा सुमारे १,०६६ टन, म्हणजे ३४ टक्के. अंदाजी मूल्याची मर्यादा २० टक्के असल्याने हा भाग तसाच सोडता येत नव्हता.

तीन पर्याय पुढे होते.

ग्राहकाला सांगायचे की तयार मूल्ये भर आणि कारण लिही. ग्राहकाने ते साफ नाकारले.

हिशेबाचा काळ बदलायचा. संक्रमणकाळात आर्थिक वर्ष किंवा किमान तीन महिन्यांचा सयुक्तिक काळ घेता येत होता. एप्रिल ते जून २०२४ मध्ये बाजारातून खरेदी कमी होती, म्हणून तोच काळ घ्यावा अशी सूचना आली. पण तीन महिन्यांच्या काळात उत्पादनाची विभागणी वेगळीच होती, मोठ्या व्यासाचे स्टड जास्त होते आणि वाया जाणारे प्रमाणही जास्त. सोयीसाठी काळ निवडला असे दिसले असते, आणि तो आकडा वर्षभराच्या मालाचे चित्र दाखवत नव्हता.

तिसरा पर्याय कष्टाचा होता : जुने टीसी आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचे क्रमांक, जुळवत बसायचे. तोच घेतला. गुणवत्ता विभागातल्या दोघांनी भांडाराच्या नोंदी, गेट पास आणि टीसी समोरासमोर ठेवले. ज्या टीसीवर मोठ्या कारखान्याचे नाव होते, ते हीट नंबर वितरकामार्फत त्या कारखान्याकडे खात्रीसाठी पाठवले. १९० टनांची खात्री मिळाली.

या कामात सुमारे ६० टनांचे टीसी संशयास्पद निघाले. ओळख पटण्याची खूण साधी होती. एकच हीट नंबर सहा महिन्यांच्या अंतराने, वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या बिलांसोबत, तीन वेगळ्या व्यासांसाठी आला होता. एका हीटमधून अनेक व्यास निघू शकतात, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. त्यातले शिल्लक तुकडे तुर्भ्यातल्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोवर तपासले. टीसीवर मँगनीज ०.७८ टक्के होते, तुकड्यात ०.६२. ग्रेडच्या मर्यादेत दोन्ही बसत होते, म्हणून आवक तपासणीत कधी अडले नव्हते. पण तो बार त्या हीटचा नव्हता, हे नक्की. हे ६० टन आणि आणखी १६० टन अज्ञात म्हणून ठेवले. अज्ञात भाग ३४ वरून १८ टक्क्यांवर आला आणि अहवाल ३१ ऑक्टोबरच्या मुदतीत गेला.

कळंबोलीचा बाजार वाईट आहे असा याचा अर्थ नाही. लहान कारखान्याला दोन टन बार उद्या सकाळी देणारी दुसरी जागा नाही. पण त्या बाजारात पोलाद ग्रेडने विकले जाते, आणि सीबॅमला ते जन्मस्थानासह लागते. व्यापारी बंडल फोडून व्यासाप्रमाणे रचतो त्या क्षणी ती साखळी तुटते.

तिसरा निर्णय : स्वच्छ पोलाद विकत घ्यायचे का

२०२५ च्या सुरुवातीला चर्चा आकडा कळवण्यावरून आकडा कमी करण्यावर आली. निमित्त झाले जर्मन ग्राहकाच्या नव्या कराराच्या मसुद्याचे. सीबॅमची पूर्ण रक्कम डेबिट नोटने कारखान्याकडून वसूल करण्याचे कलम त्यात होते.

रक्कम किती, यावर आधी मोठा गैरसमज दूर करावा लागला. निर्यातदारांमध्ये असे बोलले जाते की २०२६ मध्ये फक्त अडीच टक्के भरायचे आहेत, २०३४ पर्यंत ते हळूहळू शंभर होतील. अडीच टक्के हे युरोपातल्या कारखान्यांना मिळणाऱ्या मोफत परवान्यांच्या कपातीचे प्रमाण आहे. आयातीवरचा हिशेब असा चालतो : मालाच्या अंतर्भूत उत्सर्जनातून त्या वस्तूच्या मानदंडाचा, म्हणजे युरोपने टनामागे ठरवलेल्या प्रमाण उत्सर्जनाचा, ९७.५ टक्के भाग वजा करायचा आणि उरलेल्या सगळ्यावर पैसे भरायचे. समजा मानदंड १.४ टन आहे आणि कार्बनची किंमत टनाला ७५ युरो. मग २.८३ मधून १.३६५ वजा जाता १.४६५ टन उरतात, म्हणजे बोल्टच्या टनामागे सुमारे ११० युरो. अडीच टक्क्यांच्या समजुतीने हाच आकडा ५ युरो येतो. ज्याचे उत्सर्जन मानदंडापेक्षा बरेच जास्त, त्याला फटका पहिल्याच वर्षी बसतो. हा तक्ता पाहिल्यावर बैठकीतली चर्चा गंभीर झाली.

निव्वळ भंगारावर चालणाऱ्या एका कारखान्याचे मिश्रधातूचे बार उपलब्ध होते. आकडा ०.५, भाव किलोला ६ रुपये जास्त, आणि एका व्यासाची किमान मागणी ५० टन. पहिला विचार असा आला की फक्त युरोपच्या मालासाठी हे बार वापरू. तसे करता आले नाही. संक्रमणकाळाच्या पद्धतीत आकडा ऑर्डरप्रमाणे निघत नाही. कारखान्यातल्या त्या वस्तुगटाच्या सगळ्या उत्पादनावर, ठरलेल्या काळाची सरासरी काढायची असते. चांगले बार कोणत्याही ऑर्डरला वापरले तरी ते सरासरीत मिसळतात.

मग गणित असे झाले. स्वच्छ बारच्या प्रत्येक टनामागे ०.८८ टन उत्सर्जन कमी होते. पण त्याचा २८ टक्केच वाटा युरोपला जाणाऱ्या मालात पडतो. ७५ युरोने त्याची किंमत साडेअठरा युरो, त्या वेळच्या दराने साधारण १,८०० रुपये. जास्तीचा खर्च ६,००० रुपये. पर्याय फेटाळला गेला. युरोपच्या मालासाठी पावण्यात वेगळा गाळा, वेगळी भट्टी आणि वेगळे भांडार उभारले तर तो स्वतंत्र कारखाना ठरून हे गणित उलटेल, अशी नोंद मात्र करून ठेवली. जवळजवळ सगळा माल युरोपला पाठवणाऱ्या घटकाला हाच बार परवडू शकेल. दुसऱ्याचा निर्णय पाहून आपला घेऊ नये, एवढे या उदाहरणावरून दिसते.

प्रत्यक्ष काय केले

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कापणीच्या सुधारणेचा. नेहमी सहा मीटरचे बार येत आणि प्रत्येक बारच्या शेवटी वेगळ्या लांबीचा तुकडा उरे. आठवड्याच्या ऑर्डरी एकत्र करून एकाच बारमधून दोन-तीन लांब्या बसवणे सुरू केले आणि मोठ्या व्यासासाठी ठरावीक गुणकाच्या लांबीचे बार मागवले. बँडसॉचे पाते पातळ घेतले. १.२२ चे प्रमाण १.१७ वर आले. बार ७० रुपये किलो आणि भंगार ३२ रुपये किलो असताना वर्षाला वीस लाखांहून जास्त वाचले, सीबॅम नसता तरी वाचले असते. कार्बनच्या भाषेत टनामागे ०.१ टन.

जुनी स्लॉट भट्टी काढून तिसरा इंडक्शन हीटर बसवला. गॅसचा आकडा टनामागे ०.२६ वरून ०.१९ वर आला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या बदलाने वर्षाला सुमारे ७० टन थेट उत्सर्जन कमी झाले, आणि त्यासाठी लागणाऱ्या एक लाख युनिट विजेमागे आपल्या ग्रीडवर जवळपास तेवढेच उत्सर्जन होते. पोलादाला वीज मोजली जात नाही म्हणून सीबॅमचा आकडा खाली आला, हवेतला कार्बन नाही. पपडी कमी पडते आणि तापमान नीट राहते हा खरा फायदा झाला. हवामानाच्या दृष्टीने हा बदल छतावरच्या सौर विजेबरोबर केला तरच अर्थपूर्ण ठरेल, आणि ती मागणी आम्ही लावून धरली आहे.

खरेदीच्या ऑर्डरवर दोन ओळी वाढवल्या : प्रत्येक बंडलवर मूळ हीट टॅग असला पाहिजे, आणि टीसी थेट उत्पादकाच्या ईमेलवरून आला पाहिजे. कळंबोलीतली खरेदी वर्षाला ४१० टनांवरून ९० टनांवर आली. त्यासाठी वितरकाला किलोमागे दीड रुपया जास्त द्यावा लागतो आणि साठा वीस दिवसांचा ठेवावा लागतो. भांडवल अडकले, ही याची खरी किंमत.

मिश्रधातूवाल्या पुरवठादाराची अडचण वेगळी होती. चार्जचे प्रमाण आणि स्पंज आयर्नचा स्रोत ग्राहकाला दाखवायची त्याची तयारी नव्हती. जानेवारी २०२५ पासून सीबॅम रजिस्ट्रीत युरोपबाहेरच्या कारखान्यांना स्वतः नोंदणी करून माहिती भरण्याची सोय झाली. पुरवठादाराने तपशील स्वतःपाशी ठेवून फक्त अंतिम आकडा आणि त्याची पद्धत पुढे द्यायचे मान्य केले.

परिणाम

२०२५ या कॅलेंडर वर्षाचा आकडा २.६१ आला. अज्ञात पोलादाचा वाटा ८ टक्के राहिला. हिशेब मुद्दाम जानेवारी ते डिसेंबर केला, कारण पुढच्या टप्प्यात तोच काळ चालतो आणि मार्चअखेरीच्या साठा मोजणीवर अवलंबून राहता येत नाही. आता ३१ डिसेंबरलाही बारचा साठा वजन करून मोजतात. वरच्याच गृहीतावर टनामागची रक्कम ११० वरून ९३ युरोवर येते.

जर्मन ग्राहकाबरोबर कलम बदलून घेतले. पडताळणी झालेला आकडा २.६५ पर्यंत असेल तर रक्कम ग्राहक भरेल आणि तिच्या निम्म्याइतकी सूट कारखाना दरात देईल. त्यापेक्षा आकडा वाढला तर वाढीव भाग पूर्ण कारखान्याचा. करारात आकडा पडताळलेलाच असावा असे लिहिले, कारण तो नसेल तर वाढीव भार लावलेली तयार मूल्ये लागू होतात आणि ती या कारखान्याला परवडणारी नाहीत.

इटलीच्या ग्राहकाचा प्रश्न ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीने सुटला. वर्षाला सीबॅमचा एकूण ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट मिळाली आणि त्याची सगळी आयात ४० टनांच्या आत आहे. ही मर्यादा आयातदाराच्या वर्षभराच्या सगळ्या पुरवठादारांकडच्या मालाला मिळून आहे. आपली खेप ४५ टनांची आहे म्हणून आपण सुटलो, असे कोणी समजू नये.

पोलंडचा ग्राहक गेला. त्याला दर आणि कार्बन दोन्ही एकत्र स्लोव्हाकियातून स्वस्त पडले. त्याचे वर्षाचे ६० टन देशांतर्गत बाजारात पूर्ण भरून निघालेले नाहीत.

काय वेगळे करता आले असते

ऑक्टोबर २०२३ मध्येच, प्रत्यक्ष आकडे द्यायची सक्ती नसताना, पुरवठादारांना प्रश्न पाठवायला हवे होते. मग चार्जचे उत्तर तीन आठवड्यांच्या ताणाखाली मिळवावे लागले नसते आणि वर्षभराच्या टीसी शोधाची वेळच आली नसती. मूळ हीट टॅग सांभाळायला खर्च नाही. वर्षानंतर तो शोधायला दोन माणसांचे दीड महिने लागले.

हार्डनिंग भट्टीला आणि स्लॉट भट्टीला वेगळे गॅस मीटर नव्हते. नवा हीटर बसवण्याआधी ते लावले असते तर ७० टनांची बचत मोजून सिद्ध झाली असती. आता ती एकूण बिलांच्या फरकातून काढलेली आहे. आकड्याला त्याने बाधा येत नाही, कारण हिशेब एकूण गॅसवर चालतो, पण पडताळणीदाराला फरकाचे कारण दाखवताना कागद अपुरा पडतो.

नव्या कलमातली २.६५ ची मर्यादा आमच्या मते घट्ट आहे. आकड्याचा सर्वांत मोठा भाग मोठ्या पोलाद कारखान्याच्या २.६ वर उभा आहे, आणि त्यांची एक ब्लास्ट फर्नेस दुरुस्तीला गेली किंवा त्यांनी हिशेब पद्धत बदलली तरी बोल्टचा आकडा हलतो. त्यांचा आकडा २.६ वरून २.७ झाला तर बोल्टचा सुमारे ०.०६६ ने वाढतो आणि मर्यादा ओलांडली जाते. पुरवठादाराच्या बदलामुळे झालेली वाढ वाटून घेण्याची तरतूद मागायला हवी होती. पुढचा करार २०२७ च्या फेब्रुवारीआधी, म्हणजे सीबॅमची रक्कम ज्यातून भरायची त्या प्रमाणपत्रांची विक्री सुरू होण्याआधी, नव्याने बोलायचा आहे आणि ती मागणी यादीत पहिली आहे.